दोन महिन्यांच्या फाइलींत आयटम कोड बदलले तर पुरवठादाराकडे दुरुस्त फाइल कशी मागावी

पुरवठादाराकडून दरमहा येणारी विक्रीची फाइल मागच्या महिन्याच्या फाइलीला जोडली आणि तुलनेत अचानक चाळीसेक वस्तू ‘बंद’ आणि जवळपास तेवढ्याच ‘नवीन’ दिसू लागल्या, तर बहुतेक वेळा बाजारात काहीही घडलेले नसते. फक्त कोड बदललेले असतात. विश्लेषणाच्या कामात नव्याने आलेल्यांनी अशा वेळी पुरवठादाराला कोणता संदेश लिहावा आणि तो लिहिण्याआधी काय तपासावे, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. संदेश दहा मिनिटांत लिहून होतो. त्यामागची तपासणी मात्र नीट व्हावी लागते.

उदाहरण असे घेऊ. पुण्यातील एका किराणा दुकानांच्या साखळीला मसाले आणि पिठे पुरवणारा एक पुरवठादार दर महिन्याला एक सीएसव्ही फाइल पाठवतो. तिच्यात चार रकाने असतात: आयटम कोड, विकलेले नग, रक्कम आणि महिनाअखेरचा साठा. वस्तूचे नाव त्यात नसते; ते कोडवरून आपल्याकडच्या यादीतून घ्यावे लागते. कोड नेहमी सहा अक्षरी असतो. जुन्या वस्तूंचे कोड निव्वळ अंकी आहेत, उदाहरणार्थ `041207`; नंतरच्या वस्तूंच्या कोडमध्ये पहिले दोन अंक विभागाचे, तिसरे अक्षर पॅकिंगचे आणि शेवटचे तीन अंक क्रमाचे, उदाहरणार्थ `12P118` किंवा `04E112`. एप्रिल २०२५ च्या फाइलीत ४१२ ओळी होत्या आणि मेच्या फाइलीतही ४१२ ओळी आहेत. मेची एकूण विक्री पुरवठादाराने ईमेलमध्ये लिहिलेल्या बेरजेशी पैशापर्यंत जुळते. म्हणूनच ही गडबड पहिल्या नजरेत सुटते: ओळी मोजणारा आणि बेरीज पडताळणारा माणूस फाइल बरोबर असल्याची खूण करून पुढे जातो.

आधी आपल्या बाजूची खात्री

पुरवठादाराला काहीही लिहिण्यापूर्वी, ईमेलला जोडून आलेली मूळ फाइल एक्सेलमध्ये नव्हे तर नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असते आणि कोणता रकाना अंकी व कोणता अक्षरी याची कोणतीही नोंद तिच्यात नसते. तिच्यावर डबल-क्लिक केले की एक्सेल प्रत्येक मूल्य पाहून स्वतःच ठरवतो की हा आकडा आहे, तारीख आहे की मजकूर. `041207` हे त्याला आकड्यासारखे दिसते, म्हणून तो सुरुवातीचे शून्य टाकून देतो. `04E112` मधल्या E चा अर्थ तो ‘गुणिले दहाचा अमुक घात’ असा लावतो आणि त्या जागी `4.00E+112` दाखवतो. एवढ्यावर फाइल सेव्ह केली नाही तर मूळ फाइलीला काहीच होत नाही. पण सेव्ह केली की पडद्यावर दिसणारे हेच रूप फाइलीत लिहिले जाते.

नोटपॅडमध्ये `041207` असे शाबूत दिसले तर दोष आपल्या उघडण्याच्या पद्धतीत आहे आणि पुरवठादाराला लिहिण्याचे कारणच उरत नाही. आपल्या उदाहरणात मात्र नोटपॅडमध्ये ओळ अशी दिसते:

```
41207,36,2520.00,110
```

म्हणजे फाइल आपल्याकडे येण्याआधीच बदललेली आहे. ही ओळ जशीच्या तशी कॉपी करून ठेवावी; संदेशात ती लागणार आहे. ‘आमच्याकडे तर फाइल बरोबर दिसते’ हे उत्तर हमखास येते, आणि त्यावर नोटपॅडमधली ओळ हाच पुरावा चालतो, एक्सेलच्या पडद्याचा फोटो चालत नाही.

तुलना करताना कोणते सूत्र वापरावे

दोन्ही फाइली एक्सेलमध्ये आणताना `Data > From Text/CSV` हा मार्ग घ्यावा आणि पूर्वदर्शनाच्या खिडकीत `Do not detect data types` हा पर्याय निवडावा, म्हणजे सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. असे केल्यावर कधीकधी शीर्षकांची ओळ साध्या ओळीसारखी आत येते. ती काढून टाकावी किंवा शीर्षक म्हणून वर घ्यावी. दोन्ही पत्रके `April` आणि `May` या नावांनी ठेवून एप्रिलच्या प्रत्येक कोडपुढे पुढील सूत्र घालावे.

```
=ISNA(MATCH(A2,May!A:A,0))
```

`TRUE` आले की तो कोड मेच्या फाइलीत नाही असे समजावे. हीच तुलना उलट दिशेनेही करावी, म्हणजे मेचे कोणते कोड एप्रिलमध्ये नाहीत ते कळते.

येथे अनेकांना `COUNTIF` वापरण्याची सवय असते आणि या कामात ती घातक ठरते. `COUNTIF` आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराला आकडाच समजतो, त्यामुळे त्याच्या लेखी `041207` आणि `41207` एकच असतात. म्हणजे जी गडबड शोधायची तीच तो झाकून टाकतो आणि सगळे जुळल्याचा निर्वाळा देतो. `MATCH` आणि `XLOOKUP` हा भेद पाळतात.

आपल्या उदाहरणात ३७१ कोड दोन्हीकडे सापडले आणि एप्रिलचे ४१ सापडले नाहीत. मेच्या बाजूनेही ४१ ओळी बिनजोडीच्या निघाल्या. पण त्यांतले वेगवेगळे कोड मोजले तर ते ३९ च भरतात. `=ROWS(UNIQUE(May!A2:A413))` या सूत्राने संपूर्ण मे महिन्याचे वेगळे कोड मोजल्यावर उत्तर ४१२ ऐवजी ४१० येते. दोन कोड कमी होणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची खूण आहे, कारण तिचा अर्थ असा की कोठेतरी दोन निरनिराळ्या वस्तूंना एकच कोड लागला आहे.

बदलांची वर्गवारी

न जुळलेले ४१ कोड एकाच कारणाने बदलले असे गृहीत धरू नये. पुरवठादाराकडे काय मागायचे हे याच वर्गवारीवर ठरते, म्हणून येथे घाई करू नये.

पहिला गट २९ कोडांचा. हे सगळे निव्वळ अंकी आहेत, शून्याने सुरू होणारे आहेत आणि मेच्या फाइलीत त्यांचे शून्य गेलेले आहे. कोडची लांबी ठरावीक सहा असल्याने `=TEXT(A2,"000000")` या सूत्राने ते पूर्ववत करता येतात. लांबी ठरावीक नसती तर एवढेही शक्य झाले नसते, कारण किती शून्ये गेली हे कळायला मार्ग उरला नसता.

दुसरा गट नऊ कोडांचा, आणि खरी अडचण तोच आहे. ज्यांच्या मध्यभागी E आहे असे हे कोड. `04E112` म्हणजे एक्सेलच्या हिशेबाने चार गुणिले दहाचा ११२ वा घात. `40E111` म्हणजे चाळीस गुणिले दहाचा १११ वा घात. गणिताने ही एकच संख्या आहे, त्यामुळे मेच्या फाइलीत दोन्ही ओळींत `4.00E+112` असेच लिहिलेले आहे. पहिला कोड हळदीच्या मोठ्या पुड्याचा आणि दुसरा थालीपिठाच्या भाजणीचा. एका ओळीत ९६ नग आहेत आणि दुसरीत १४, पण कोणते कोणाचे हे फाइल सांगत नाही. `07E210` आणि `70E209` यांचेही असेच झाले आहे. हरवलेले दोन कोड ते हेच. उरलेल्या पाच कोडांची अशी टक्कर झालेली नाही, म्हणून एप्रिलच्या यादीवरून ते ओळखता येतात, तरी तो अंदाजच राहतो.

येथे एक मोह होतो. ओळींचा क्रम दोन्ही फाइलींत सारखाच दिसतो, तेव्हा एप्रिलमध्ये ज्या जागी हळद होती तीच जागा मेमध्येही हळदीची, असे मानून पुढे जावेसे वाटते. पण फाइल पाठवण्यापूर्वी तिकडे कोणी ती रकमेनुसार लावून पुन्हा कोडनुसार लावली असेल, तर सारखा कोड असलेल्या ओळींचा आपसातला क्रम उलटलेला असू शकतो, आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही. ज्या आकड्यांवरून पुढच्या महिन्याची मागणी नोंदवायची ते असे जागेवरून ठरवू नयेत.

E असलेले सगळेच कोड बदलतात असेही नाही. एक्सेलमध्ये मावणाऱ्या संख्येची वरची मर्यादा दहाच्या ३०८ व्या घाताच्या आसपास आहे. `04E415` सारखा कोड तिच्यापलीकडे जातो म्हणून तो मजकूर म्हणून सुखरूप राहतो. ‘E चा प्रश्न असता तर सगळेच बिघडले असते’ हा युक्तिवाद पुरवठादाराकडून आला तर त्याला हे उत्तर आहे. एक्सेलची ही सवय इतकी जुनी आहे की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये `MARCH1` सारखी नावे बदलून `MARCHF1` अशी केली, कारण संशोधकांच्या फाइलींत त्यांच्या तारखा होत होत्या. किराणा मालाच्या पुरवठादाराला त्याबद्दल फार दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरा गट तीन कोडांचा. एप्रिलमध्ये `12P118` होता, मेमध्ये तो नाही आणि `12P126` नव्याने आला आहे. P अक्षराचा कोड एक्सेल बदलत नाही, तेव्हा हा बदल पुरवठादाराने स्वतः केलेला असणार. बहुधा पुड्याचे वजन किंवा किंमत बदलली असेल. ही चूक नाही. येथे दुरुस्ती मागायची नसून कोणता जुना कोड कोणत्या नव्या कोडने व कोणत्या तारखेपासून बदलला याची यादी मागायची आहे. हा गट पहिल्या दोहोंत मिसळून ‘४१ कोड चुकले आहेत’ असे लिहिले, तर पुरवठादाराचा माणूस नेमके हेच तीन कोड पाहून ‘हे तर आम्ही मुद्दाम बदलले आहेत’ असे उत्तर देतो आणि उरलेले ३८ बाजूला पडतात.

नेमके काय मागायचे

‘कोड चुकले आहेत, कृपया तपासून पाठवा’ एवढेच लिहिले तर तिकडचा माणूस तीच बिघडलेली फाइल उघडतो, कोडच्या रकान्याला `000000` असे स्वरूप देतो आणि एक्सेलची फाइल म्हणून परत पाठवतो. पडद्यावर `041207` दिसते, पण सेलमध्ये अजूनही ४१२०७ हा आकडाच असतो आणि `MATCH` पुन्हा फसतो. E असलेले कोड तर तसेच राहतात. रकान्याचे स्वरूप नंतर `Text` केल्यानेही गेलेले अक्षर परत येत नाही. म्हणून जुन्या फाइलीची डागडुजी नको, मूळ प्रणालीतून नव्याने काढलेली फाइल हवी, हे शब्दांत स्पष्ट लिहावे.

नव्या फाइलीलाही एक धोका आहे. मे महिन्याची फाइल जूनमध्ये पुन्हा काढली, तर मधल्या काळात मे महिन्याच्या तारखेने नोंदवलेले परताव्याचे व्यवहार तिच्यात येऊ शकतात आणि बेरीज बदलते. मग कोडांचा प्रश्न सुटतो आणि आकड्यांचा नवा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी कालावधी, ओळींची संख्या आणि एकूण नग हे आपल्याकडचे आकडे संदेशातच द्यावेत आणि त्यांत फरक पडल्यास कारण कळवण्याची विनंती करावी.

कारणाबद्दल लिहिताना ‘शक्यता’ हाच शब्द वापरावा. फाइल कोणी आणि कशी उघडली हे आपण पाहिलेले नाही. आपल्याजवळ फक्त परिणाम आहे. शिवाय संदेश वाचणारा विक्री विभागातला माणूस असतो आणि फाइल काढणारा वेगळाच कोणीतरी, तेव्हा संदेश जसाच्या तसा पुढे पाठवला तरी समजेल असा असावा.

संदेश

विषय: मे २०२५ ची विक्री फाइल – ३८ आयटम कोड बदललेले, नव्याने काढलेली फाइल ९ जूनपर्यंत हवी

> मा. महोदय,
>
> सप्रेम नमस्कार. आपण ४ जून रोजी पाठवलेली मे २०२५ ची विक्री फाइल (`May_2025_sales.csv`) मिळाली. एकूण रक्कम आपण कळवलेल्या बेरजेशी जुळते. मात्र काही आयटम कोड एप्रिलच्या फाइलीपेक्षा वेगळे आले आहेत. तपशील असा:
>
> १) २९ कोडांच्या सुरुवातीचे शून्य गेले आहे. उदा. एप्रिलमध्ये `041207`, मेमध्ये `41207`.
>
> २) मध्ये E असलेले ९ कोड संख्येत रूपांतरित झाले आहेत. उदा. `04E112` आणि `40E111` हे दोन वेगळे कोड मेच्या फाइलीत `4.00E+112` असे एकच दिसतात, त्यामुळे त्या ओळी कोणत्या वस्तूंच्या आहेत हे आम्हांला ठरवता येत नाही.
>
> आम्ही मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली असता तिच्यातही कोड असेच आहेत. एक्सपोर्टनंतर फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह झाल्यामुळे असे झाले असण्याची शक्यता आहे. ३८ कोडांची यादी सोबत जोडली आहे.
>
> कृपया १ ते ३१ मे या कालावधीची फाइल आपल्या प्रणालीतून नव्याने काढून, एक्सेलमध्ये न उघडता, सीएसव्ही स्वरूपातच `May_2025_sales_v2.csv` या नावाने पाठवावी. सध्याच्या फाइलीत ४१२ ओळी आणि एकूण १८,६४० नग आहेत. नव्या फाइलीत हे आकडे वेगळे आल्यास त्याचे कारण कळवावे.
>
> याखेरीज एक स्वतंत्र विचारणा: `12P118`, `12P121` आणि `15B040` हे कोड मेमध्ये दिसत नाहीत, आणि `12P126`, `12P127` व `15B044` हे नवे दिसतात. हे आपण केलेले बदल असल्यास कोणता जुना कोड कोणत्या नव्या कोडने व कोणत्या तारखेपासून बदलला ते कळवावे. यासाठी फाइल थांबवून ठेवू नये. ही माहिती नंतर आली तरी चालेल.
>
> जूनची मागणी १० तारखेला नोंदवायची असल्याने दुरुस्त फाइल सोमवार, ९ जून रोजी दुपारपर्यंत मिळाल्यास बरे होईल. ती येईपर्यंत या ३८ कोडांचे आकडे आम्ही वापरणार नाही.
>
> आपला विश्वासू,

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. विषयात ४१ ऐवजी ३८ हा आकडा आहे, कारण दुरुस्ती तेवढ्यांचीच हवी आहे. आणि कोड बदलाची विचारणा फाइलीपासून वेगळी काढली आहे, नाहीतर तिचे उत्तर मिळवण्यासाठी संदेश त्यांच्या खरेदी विभागात आठवडाभर फिरत राहतो आणि फाइलही अडकते. सोबतची यादी मात्र एक्सेलची फाइल म्हणून पाठवावी आणि तिच्यातला कोडचा रकाना आधीच `Text` केलेला असावा. बिघडलेल्या कोडांची यादीच वाटेत बिघडली तर सगळे मुसळ केरात.

उत्तर आल्यावर

काही पुरवठादारांना फाइल एक्सेलमध्ये उघडण्यावाचून गत्यंतर नसते, कारण प्रणाली जास्तीचे रकाने देते आणि ते काढावे लागतात. तसे त्यांनी कळवल्यास त्यांना वर सांगितलेला `Data > From Text/CSV` हा मार्ग सुचवावा. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर `File > Options > Data` येथे `Automatic Data Conversion` खाली सुरुवातीची शून्ये काढण्याचा आणि E भोवतीच्या अंकांची संख्या करण्याचा असे दोन पर्याय स्वतंत्रपणे बंद करता येतात. ते त्या संगणकापुरते बंद होतात, दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावर नाहीत, हेही सांगून ठेवावे.

नवी फाइल आली की पुन्हा नोटपॅडपासून सुरुवात करावी. `04E112` आणि `40E111` या दोन ओळी आधी शोधाव्यात, कारण या दोन्ही वेगवेगळ्या सापडल्या तर फाइल खरोखर नव्याने काढलेली आहे. शून्ये मात्र हाताने भरूनही आणता येतात. त्यानंतर वेगळे कोड ४१२ भरतात का, ओळी ४१२ आणि नग १८,६४० आहेत का ते पाहावे, आणि `MATCH` पुन्हा चालवावा. आता फक्त तीनच कोड न जुळलेले उरले पाहिजेत. नग कमी भरले आणि कारण कळवलेले नसेल, तर फाइल अहवालात घेण्याआधी एका ओळीचा संदेश पाठवून फरकाचा आकडा विचारावा.

ठरलेल्या दिवशी फाइल आली नाही तर पाठपुरावा त्याच ईमेलच्या उत्तरात करावा, नवा ईमेल सुरू करू नये, आणि सायंकाळपर्यंत वाट पाहून फोन करावा. दरम्यान मागणी नोंदवणे भागच असेल तर पहिल्या गटातील २९ कोड सूत्राने पूर्ववत करून वापरता येतील, पण अहवालात त्यांच्यापुढे तशी नोंद हवी. टक्कर झालेल्या चार वस्तूंसाठी मेचा आकडा रिकामा ठेवावा आणि मागणी एप्रिलच्या विक्रीवरून काढावी. दुरुस्त फाइल आल्यावर जुनी फाइल पुसून टाकू नये. दोन्ही मूळ स्वरूपात, आलेल्या तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि तीन कोडांची जुन्या-नव्याची यादी आली की ती आपल्या आयटमच्या यादीत लागू तारखेसह भरावी, म्हणजे जूनची फाइल जोडताना तेच तीन कोड पुन्हा ‘नवीन’ म्हणून वर येणार नाहीत.